पंधरावा शब्द

आमच्या दुकानातला छोट्या जाहिरातीचा फॉर्म म्हणजे एक लांबट कागद, त्यावर पंधरा चौकोन. एका चौकोनात एक शब्द. तीन दिवस जाहिरात, पंधरा शब्द, ठरलेले पैसे, अशी ती स्कीम. सोळावा शब्द आला की पेपरचं नागपूरचं ऑफिस फॉर्म परत पाठवतं, मग जाहिरात मोठ्या दरात जाते आणि माणूस म्हणतो, राहू द्या. म्हणून सोळावा शब्द येऊ द्यायचा नाही, हेच माझं काम. भंडाऱ्यात बसून मी गेली कितीतरी वर्षं लोकांचे शब्द कापते आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेली. हे काम मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. ते काउंटरवर बसायचे आणि मी मागच्या खोलीतून चहा आणून द्यायचे, त्यात बघून बघून शिकले. ते गेले तेव्हा लोकांना वाटलं दुकान बंद होईल. मी दुसऱ्याच महिन्यात खुर्चीवर बसले. आता लोक म्हणतात, मोबाईलवर सगळं फुकट होते, पेपरात कोन जाहिरात देते. देतात. राइस मिलला ऑपरेटर पाहिजे असतो, शाळेच्या गाडीला ड्रायव्हर, दवाखान्याला आया. खेड्यात चहाच्या टपरीवर पेपर अजून दहा हातांतून फिरतो, आणि काम शोधणारा माणूस पहिलं पान नाही वाचत, ते मागचं बारीक अक्षरांचं पान वाचतो.

कापायचं कसं, ते सांगते. माणूस वहीचं पान भरून आणतो. त्यातलं 'कृपया', 'तरी', 'होतकरू', 'इच्छुकांनी' हे आधी जातं. 'पाहिजे' पण जातं, कारण पेपरवाले वर मथळ्यातच 'पाहिजेत' छापतात. 'संपर्क' कशाला? नंबर दिसला की लोकांना कळतं. नंबर दहा आकड्यांचा असला तरी एकच शब्द धरतात. 'पगार योग्यतेनुसार' असं कुणी आणलं तर मी ऐकत नाही. दोन चौकोन खातं आणि कळत काहीच नाही. पगाराचा आकडा लिहा, फोन लिहा, आणि ज्या गोष्टीवाचून आलेला माणूस कामाचाच नाही, ती एक अट लिहा. ड्रायव्हरचं लायसन, ऑपरेटरचा अनुभव. एवढं उरलं की जाहिरात झाली. 'त्वरित' हा शब्द तर मी दिसता क्षणी खोडायचे. त्वरित नाही तर काय, पुढच्या साली पाहिजे का?

आणखी एक कापायचं असायचं, ते मात्र कुणाला सांगून नाही. कुणी स्वयंपाकाला बाई मागायचे, कुणी घरगड्याला, आणि हळूच म्हणायचे, आपल्या समाजाची असली तर बरं. ऑफिसवाले जातीचं सरळ नाव घेत नाहीत, पण 'स्वजातीय' लिहिलं तर टाइप करणारा पोरगा कशाला पाहतो, छापून येतं. मला ते लिहवत नसे. मी शेतकऱ्याच्या घरची, माझ्याही माहेरी पाण्याचा माठ वेगळा असायचा, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. पण नाही कसं म्हणायचं? रोजची गिऱ्हाइकं. मग मी मालकांकडूनच शिकलेली युक्ती करायचे. चौकोन मोजून दाखवायचे आणि म्हणायचे, जागा नाही उरली भाऊ. जागेचं कारण सांगितलं की कुणी रागावत नाही. माणूस म्हणतो, बरं मंग राहू द्या. मला मनातून बरं वाटायचं. एक वाईट शब्द आपल्या हातून छापला गेला नाही, एवढंच वाटायचं. पुढं काय होतं ते मला दिसत नव्हतं, कारण पुढं जे होतं ते माझ्या दुकानात होत नव्हतं.

दोन वर्षांमागची गोष्ट. धानाची रोवणी संपत आली होती. आमच्या ओळखीचे एक भाऊ आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मालकांचे चांगले दोस्त. मालक गेले तेव्हा पेपरातली श्रद्धांजली त्यांनीच लिहून दिली होती. म्हणजे त्यांचं माझ्यावर ऋण. मला ते वहिनी म्हणतात. त्यांची माय न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण बुढी उठलीच नाही. त्यांच्या मंडळींची पाठ दुखायला लागली, कुशीवर वळवायला एकटीला होईना. त्यांना घरी राहणारी बाई पाहिजे होती.

वहीच्या दोन पानांवर त्यांनी लिहून आणलं होतं. माझ्या आईचे वय चौऱ्याऐंशी, स्वभाव अत्यंत शांत, तिने आयुष्यभर कष्ट केले, आम्हा चौघांना शिकवले. असं सगळं. मला वाचून भरून आलं, पण त्यातलं एकही वाक्य फॉर्मवर येण्यासारखं नव्हतं. मी चौकोनांत एक एक शब्द घालत गेले. ते समोर बसून पाहत होते. 'शांत स्वभाव' तरी ठेवा म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, येणारी बाई आठ दिवसांत पाहीलच न स्वभाव. हसले जरासे. पगाराचा आकडा टाकायला तयार नव्हते, बाई आल्यावर बोलू म्हणत होते. मी म्हटलं, आकडा नसला तर फोन वीस येतील आणि कामाचा एकही नसेल. मग बारा हजार लिहिले. शेवटी असं झालं:

'भंडाऱ्यात अंथरुणावरील वृद्ध महिलेसाठी घरी राहणारी अनुभवी बाई. पगार १२,०००. जेवण, राहणे मोफत.' आणि पुढं मोबाईल नंबर.

मी पेनाच्या टोकानं मोजलं. चौदा.

त्यांनीही मोजलं असावं. खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, एक चौकोन उरला न. तिथं तेवढं टाकून द्या."

"काय टाकू?"

"आता तुमाले काय सांगू. तुम्ही आपल्यातल्याच. बाई आपल्या समाजाची पाहिजे. मले काही नाही हो, मी ऑफिसात सगळ्यांसंगं जेवलो. पन माय जुनी आहे. ती बाई तिले भरवनार, पानी पाजनार."

त्यांच्या त्या श्रद्धांजलीची आठवण माझ्या समोर बसली होती. हे मी लिहीत नाही भाऊ, एवढं एक वाक्य म्हणायला काय लागतं? नाही म्हणवलं मला. मी म्हटलं, थांबा, एक राहिलंच. आणि उरलेल्या चौकोनात 'त्वरित' लिहून सगळ्यात पहिल्या चौकोनाकडे बाण काढला. ज्या शब्दावर मी जन्मभर काट मारली तो. म्हटलं, त्वरित नसलं तर लोक आरामात फोन करतात, तुमाले तर घाई आहे. झाले पंधरा. आता जागा नाही उरली भाऊ.

त्यांनी फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, बरं, फोनवर विचारून घेऊ मंग. पैसे देऊन गेले. मी फॉर्मचा फोटो काढून ऑफिसला पाठवला आणि मागच्या खोलीत जाऊन स्वतःसाठी चहा ठेवला. खरं सांगते, त्या दिवशी मी खूश होते.

जाहिरात तीन दिवस चालणार होती. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. साडी स्वच्छ, केस तेल लावून घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी फुगलेली. पायरीवरच थांबून तिनं पेपरातून फाडलेला तुकडा दाखवला. बस स्टँडवरच्या पेपरवाल्यानं सांगितलं म्हणे, जाहिराती इथून जातात.

मी तिला आत बसवलं. ती करडी गावची. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एका आजीजवळ ती चार वर्षं राहिली होती, रात्रंदिवस. आजी वारल्या, त्यांच्या लेकानं क्वार्टर सोडलं आणि ही भावाच्या घरी करडीला आली. नवरा कधीचाच नाही, लेकरूबाळ नाही. भाऊ चांगला होता, पण घर दोन खोल्यांचं, त्याची पोरं मोठी झालेली, आणि भावजय रोज कशावरून तरी विचारायची, मंग पुढचं काय ठरवलं. हे ती रडून सांगत नव्हती. बसच्या वेळा सांगावं तसं सांगत होती. पगार तिला फार महत्त्वाचा नव्हता, 'राहणे' हा शब्द वाचून तिनं फोन केला होता.

"पहिल्याच दिवशी केला जी फोन. त्वरित लिहिलं होतं. साहेब चांगले बोलले, कुशीवर वळवता येते का, बेडसोर समजते का, सगळं विचारलं. म्हने उद्याच ये. मी सामान बांधून पहिल्या बसनं आली."

तिथं गेल्यावर काय झालं तेही तिनं सांगितलं. आजींना तिनं आल्याआल्या कुशीवर वळवलं, पाठ पाहिली, लाल झाली होती, उशी कशी लावायची ते सूनबाईंना दाखवलं. आजींनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. चहा झाला. मग सूनबाईंनी नाव विचारलं, आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. साहेब फोन आला म्हणून बाहेर गेले. आत आले तेव्हा म्हणाले, अरे, आमच्या मंडळींनी कालच एकीला हो म्हटलं होतं, मले माहीतच नव्हतं, जागा भरली. बसचं भाडं देऊ लागले, तिनं घेतलं नाही.

आता ती मला विचारत होती.

"जागा भरली म्हने, तं आज पुन्हा काहून छापून आली? मी साहेबाले फोन लावून पाहिला, उचलत नाही. म्हटलं, ती दुसरी बाई आलीच नसंल तं? म्हनून सामान घेऊनच आली."

मला तेव्हाच सगळं समजलं. तिलाही अर्धं समजलेलं असणार, पण तिला ते समजायचं नव्हतं. आणि माझ्याजवळ एक खरं कारण तयार होतं. मी म्हटलं, बाई, ही स्कीम तीन दिवसांची असते, एकदा पैसे भरले की मधात जागा भरली तरी तिन्ही दिवस छापून येते, आम्हाला थांबवता येत नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती जरा सैल बसली. म्हणाली, असं आहे का, म्हंजे खरंच भरली. तिच्या तोंडावर चक्क बरं वाटल्यासारखं दिसलं. जागा गेली याचं नाही. जागा गेली ती दुसऱ्या कारणानं गेली याचं.

मी तिला चहा पाजला. तिनं कप मोरीत नेऊन विसळून पालथा ठेवला. मी राहू दे म्हटलं तरी ऐकलं नाही. तिचा फोन नंबर लिहून घेतला, कुणी विचारलं तर कळवते म्हटलं. ती गेल्यावर मी त्या कपाकडे किती वेळ पाहत बसले.

चार दिवसांनी भाऊ पुन्हा आले. आता दोन पानं नव्हती, जुनीच जाहिरात हातात. म्हणाले, वहिनी, तुमच्या त्या त्वरितनं फसवलं. वीस मिनिटांत घरातलं वातावरण काय झालं ते सांगता येत नाही. बाई कामाची होती हो, माय तिचा हात सोडेना, पण आता लोकांना काय सांगणार. त्वरित काढा, आपला शब्द टाका.

या वेळी मी नाही म्हटलं. म्हणजे, म्हणायला जे आधीच पाहिजे होतं ते तेव्हा म्हटलं. भाऊ, मी तो शब्द लिहीत नाही, मागच्या वेळी जागा होती, मीच खोटं बोलले. त्यांनी हातातल्या जाहिरातीची घडी केली. मग म्हणाले,

"तुमच्या मालकानं असं कधी केलं नसतं."

"त्यांनीच शिकवलं मले," मी म्हटलं.

ते उठले. दारात थांबून म्हणाले, मायच्या जागी तुम्ही पडून असत्या तं पाहिलं असतं. जुनी जाहिरात त्यांनी खिशात घातली. पलीकडच्या चौकात दुसरे एक जण जाहिराती घेतात, तिथं दिली. दोन दिवसांनी पेपरात आली. तोच नंबर, तेच बारा हजार, माझेच कापलेले शब्द माझ्याच ओळीत, फक्त पहिला चौकोन बदललेला. स्वजातीय.

पेपर करडीलाही जातो. मला माहीत होतं की ती येणार, आणि मला हेही वाटत होतं की येऊ नये. ती आली. या वेळी सामान नव्हतं. तिनं दोन्ही तुकडे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, बोटानं सपाट केले. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण अक्षर अन् अक्षर लावून वाचणारी.

"यात हा शब्द आहे, यात नाही," ती म्हणाली. "तवा काहून नव्हता जी? जागा कमी पडली का?"

मला पुन्हा तयार कारण मिळालं होतं, तिनंच हातात दिलं होतं. पण या वेळी जीभ वळली नाही. मी सगळं सांगितलं. चौकोन होता, मी मुद्दाम भरला, तो शब्द मला आवडत नव्हता म्हणून.

तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमाले आवडला नाही," ती हळू म्हणाली. "मलेही नाही आवडत. पन तो छापून आला असता तं मी फोनच केला नसता, बाई. माह्यासमोर कोनाचं तोंड उतरलं नसतं. भावजयीले मी सांगून निघाली होती, आता मी येत नाही म्हनून. तिच्या पोरींनी पिशवी बसपर्यंत आनून देल्ली. अन् संध्याकाळी मी पुन्हा त्याच दारात."

मी म्हटलं, माझं चुकलं. मला वाटलं होतं, एक वाईट शब्द कमी छापला गेला.

"शब्द तुम्ही काढला," ती म्हणाली. "पन चालत तं मी गेली न तिथं."

मी नेहमी फॉर्म पाहिला. फॉर्मवरून एक गोष्ट काढली की ती कुठं तरी त्या माणसाच्या घरातूनही निघते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती तिथंच होती, फक्त येणाऱ्या बाईला दिसत नव्हती. वर मी 'त्वरित' लिहून तिला पहिल्या बसमध्ये बसवलं.

मी म्हटलं, तुझी जाहिरात देऊ, 'काम पाहिजे' म्हणून, पैसे मी भरते. ती म्हणाली, पैसे मी भरते, तुम्ही लिहा. मी नवा फॉर्म काढला. आम्ही दोघी बसलो. तिची लांब यादी नव्हती. अंथरुणावरचं सगळं येतं, चार वर्षांचा अनुभव, घरी राहणार. पगार किती लिहू विचारलं तर म्हणाली दहा लिहा, राहायचं भेटलं पाहिजे. मी मोजत होते. मग ती म्हणाली,

"पहिल्यांदा माहं आडनाव टाका."

मी म्हटलं, कामाच्या जाहिरातीत नाव कुणी टाकत नाही, एक चौकोन जातो, त्यात 'प्रामाणिक' येईल, 'विश्वासू' येईल.

"ते कोनीही लिहिते. आडनाव टाका. ज्याले चालत नाही त्यानं फोन करू नये. मले आता कोनाच्या दारातून वापस यायचं नाही."

पंधरा शब्दांत मी ते बसवलं. इतक्या वर्षांत सगळ्यात चांगली कापलेली जाहिरात ती असेल. अनुभव होता, पगार होता, नंबर होता, राहण्याची अट होती, आणि सगळ्यात आधी तिचं आडनाव. तिनं दोनदा वाचली. तिचा आजा छप्पन साली नागपूरला पायी गेला होता दीक्षेला, ते तिनं तेव्हा सांगितलं, फॉर्म वाचता वाचता, माझ्याकडे न पाहता. आडनाव आजाचंच आहे म्हणाली.

आता तुम्हाला या धंद्यातली एक गोष्ट सांगते. अंथरुणावरचं माणूस सांभाळणारी, घरी राहणारी बाई म्हणजे सोनं. लेकरं पुण्याला, म्हातारी माणसं इथं. अशी जाहिरात आली की सकाळी सातपासून फोन वाजायला लागतो, दुपारपर्यंत बाई ठरलेली असते. मग लोक उरलेले दोन दिवस मला फोन करून विचारतात, आणखी कुणी आहे का. माझ्या इतक्या वर्षांत अशी जाहिरात रिकामी गेलेली मला आठवत नाही.

पहिल्या दिवशी मी तिला फोन केला नाही. म्हटलं, लाइन बिझी असेल. दुसऱ्या दिवशीही नाही केला. तिसऱ्या दिवशी पेपरात तिची जाहिरात शेवटची आली आणि मी संध्याकाळी दुकान बंद करताना केला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला. इतक्या लवकर उचलला की मला कळलंच, विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"एकही नाही जी," ती म्हणाली. मग माझीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "नेटवर्क नसते इकडं कधी कधी."

मी खूप लोकांना विचारलं. नातेवाइकांना, आंधळगावच्या माझ्या नणंदेला, डॉक्टरांच्या कंपाउंडरला. दोघातिघांनी हो म्हटलं, नंबर घेतला. पुढं काही झालं नाही. सगळी चांगलीच माणसं. माझ्यासारखीच.

दिवाळीच्या आधी ती नागपूरला गेली. तिथं दवाखान्यांत बाया पुरवणारा एक ठेकेदार आहे, तो तिच्या पगारातला हिस्सा घेतो. बारा तासांची ड्युटी, पेशंट रोज बदलतो, झोपायला वॉर्डाच्या बाहेर सतरंजी. राहण्याची सोय अशी काही नाही. तिथं आडनाव विचारत नाहीत, ती म्हणाली, तिथं नुसतं सिस्टर म्हणतात.

भाऊ माझ्या दुकानात आता येत नाहीत. रस्त्यात दिसले तर मान हलवतात. त्यांच्या मायला बाई मिळाली होती, ती महिन्याभरात गेली, मग दुसरी आली, असं कानावर आलं. त्या बुढीची पाठ कशी आहे, हे विचारायला मी त्यांच्या घरी जायला पाहिजे होतं. गेले नाही.

आता कुणी तो शब्द मागितला की मी तोंडावर नाही म्हणते. ते पलीकडच्या चौकात जातात, तिथं छापून येतो, आणि करडीची, आंधळगावची कुणी बाई तो वाचून फोन करत नाही. तिचं भाडं वाचतं. हे बरं की ते बरं, मला अजून ठरवता आलेलं नाही. चौकोन मोजायला मला येतं, हे येत नाही.

मागच्या महिन्यात मी तिला फोन लावला. साकोलीकडच्या एका घरून मागणी आली होती, माणसं शिक्षक, आडनाव आधीच सांगितलं होतं मी, त्यांना चालत होतं. खरंच चालत होतं. राहायला वेगळी खोली देणार होते.

ती ऐकत होती. मागं वॉर्डातला आवाज येत होता, कुणाची तरी ट्रॉली जात होती.

"तुम्ही पाहिलं का ते घर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, फोनवरच बोलले.

ती म्हणाली, "मंग राहू द्या, बाई." आणि पेशंट उठला म्हणून तिनं फोन ठेवला.